दाजींचं गरम औषध

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, कुंडलमधल्या माझ्या नणंदेच्या घरात दारूचा एक थेंबही नाही, पूर्वी कधी नव्हता आणि यापुढंही असणार नाही. ही घोषणा माझी नाही. ती माझ्या नणंदेच्या यजमानांची, म्हणजे आमच्या दाजींची. त्यांनी ती छाती पुढं काढून, टाचा जुळवून, तीन बायकांसमोर केली होती. त्याच वेळी त्यांच्या घरातल्या कपाटात, बामाच्या डबीशेजारी आणि हिंगाच्या डबीमागं, ब्रँडीची भरलेली बाटली उभी होती. पण ती दारू नव्हे. ते औषध.

दाजी फौजेतून सुभेदार होऊन घरी आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ऊस आहे, थोडी द्राक्षबाग आहे आणि स्वस्तात बाटली देणारं फौजी कँटीनचं कार्ड आहे. या तिन्हींपैकी त्यांचा जीव कशावर जास्त आहे हे मी सांगणार नाही. घरात त्यांची शिस्त कडक. ढाब्यावर बसून पितात ती दारू, लग्नाच्या वरातीत पितात ती दारू, शेजारचा पितो ती तर शंभर टक्के दारू. कँटीनमधून आणलेली, कपाटात ठेवलेली आणि गरम पाण्यातून दिलेली मात्र औषध. सर्दी झाली, औषध. पावसात भिजला, औषध. पोटात मुरडा आला, औषध. त्यांचा बैल एकदा थंडीनं कुडकुडत होता, तेव्हा त्यालाही औषध मिळालं होतं. बैलानं तक्रार केली नाही.

मी पलूसला बायकांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, आणि मधल्या जिन्यात कायम कुणीतरी नातेवाईक. वन्संची सून, म्हणजे माझी भाचेसून, गरोदर राहिल्यापासून माझ्याकडंच यायची. मुलगी साताऱ्याकडची. नवरा फौजेत, दूरच्या पोस्टिंगवर. सासरा समोर आला की ही पदर सावरून भिंतीला टेकायची आणि जमिनीवरच्या फरशीचा अभ्यास करायची. घरात ती एवढं हळू बोलायची की वन्सं तिला म्हणायच्या, “अगं, जरा मोठ्यानं बोल, मला वाटलं फ्रीज बोलला.”

पहिल्या भेटीत मी नेहमीचे प्रश्न विचारले होते. मिशरी? न्हाई. तंबाखू? न्हाई. दारू? यावर तिनं दोन्ही कानांना हात लावले.

“ईऽऽ मामी! काय बी काय विचारताय!”

हे उत्तर आमच्या भागातली प्रत्येक बाई देते आणि जवळपास प्रत्येकीचं खरंही असतं. मी पुढं गेले.

चौथा महिना सरता सरता ती आली ती थंडीच्या दिवसांत. बाहेर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत चालले होते. मी विचारलं, काही त्रास?

“औषध घेतलं की गरगरतंय मामी. आन् छातीत जळजळतंय.”

“रक्तवाढीची गोळी रिकाम्या पोटी घेतेस का?”

“न्हाई, तुमचं औषध न्हाई. मामांचं.”

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि मी मामी, त्यामुळं क्षणभर मला वाटलं माझ्याच नवऱ्यानं परस्पर दवाखाना उघडला. मग उजेड पडला.

“दाजींचं? कसलं औषध?”

“लालसर असतंय. गरम पडतंय. सर्दी झाली हुती नव्हं मला, तवापासनं देत्यात. मामा सवता पाणी तापवत्यात, मध घालत्यात, आन् मी पिऊस्तवर समोर बसत्यात.”

“किती देतात?”

“दोनच चमचे.”

“चहाचे?”

ती फरशीकडं बघत म्हणाली, “आमटीचे.”

म्हणजे पळी. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, थोडं प्यायले, खाली ठेवला. माझा चेहरा बघून त्या पोरीचा रंग उतरला. पोर भोळी असली तरी वेडी नव्हती.

“मामी, मामा तिला ब्रँडी म्हणत्यात. म्हंजे... दारूच व्हय?”

“हो गं. दारूच.”

“बाळाला काय झालं असंल?”

आता हा प्रश्न. मला गोष्टी रंगवून सांगायची खोड आहे, पण या प्रश्नावर रंग चढवता येत नाही. मी तिला जे खरं आहे तेवढंच सांगितलं. आई पिते ते नाळेतून बाळापर्यंत जातं, आणि जेवढं आईच्या रक्तात, जवळपास तेवढंच बाळाच्या रक्तात. आईकडं ते पचवायला मोठं लिव्हर असतं, बाळाचं लिव्हर अजून कामालाच लागलेलं नसतं. गरोदरपणात एवढी चालते, असं ठरवून सांगता येईल असं माप कुणाकडं नाही. चमच्याचं नाही, पळीचं नाही. पहिल्या महिन्यापासून शेवटच्यापर्यंत कुठलाही काळ सुरक्षित नाही, कारण मेंदू नऊ महिने घडतच असतो. जास्त आणि वारंवार घेतली तर धोका जास्त. तुझ्या बाळाला काही झालंय, असं मी म्हणू शकत नाही. काही झालेलं नाही, असंही छातीठोक म्हणू शकत नाही. पण आजपासून बंद केलीस तर आजपासूनचा धोका टळतो. उशीर झाला म्हणून काय फरक पडतो, असं इथं कधीच नसतं.

तिनं डोळे पुसले. मग विचारलं, आणि खरा घोटाळा तिथंच होता.

“मामांना न्हाई कसं म्हणू? ते लय मायेनं देत्यात. मी ओतून टाकली तर वास येतोय. आन् मी तुमाला सांगितलं असं कळलं तर तक्रार केली म्हणतील.”

मी तिच्यासमोरच वन्संना फोन लावला. माझा आवाज अशा वेळी फार गंभीर होतो, रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईसारखा.

“वन्सं, सुनेला मी नवीन गोळ्या सुरू केल्यात. त्यांच्याबरोबर दाजींचं औषध अजिबात चालत नाही. आजपासून बंद.”

“अगं बाई! मग ह्यांना काय सांगू?”

“सांगा, डॉक्टरनं ऑर्डर काढलीय.”

ऑर्डर म्हटल्यावर फौजी माणूस ऐकतो. फक्त ऑर्डर वरच्या रँककडून आलेली असावी लागते, आणि मेहुण्याची बायको ही रँक फौजेत नाही. दाजींनी औषध थांबवलं, पण तळमळले. संध्याकाळी मला फोन.

“डॉक्टरीणबाई, माझं औषध कुठल्या बी गोळीबरोबर चालतंय. तुमचीच गोळी कच्ची दिसतीय.”

“दाजी, परवा तिला सांगलीला मोठ्या सोनोग्राफीला न्यायचंय. तुमीच गाडी काढा. मी पण येते. वाटेत गोळी कच्ची की पक्की ते बघू.”

सांगलीत माझी एक मैत्रीण लहान मुलांची डॉक्टर आहे. जी मुलं उशिरा बोलतात, उशिरा चालतात, वर्गात मागं पडतात, त्यांचं ती बघते. सोनोग्राफीवाल्याच्या वरच्याच मजल्यावर तिची खोली. मी आधी फोन करून सांगून ठेवलं होतं की एक सुभेदार घेऊन येतेय, चहा कडक ठेव.

सांगलीजवळचं माधवनगर मागं पडेपर्यंत दाजी गाडीत द्राक्षाच्या भावावर बोलत होते. मागच्या सीटवर सून खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा एक हात सबंध वेळ पोटावर होता.

सोनोग्राफी चांगली आली. हृदयाचे कप्पे नीट, हातपाय नीट, पाठीचा कणा नीट. दाजी जिना चढता चढताच सुरू झाले.

“बगा! समदं झ्याक हाय. माझ्या औषधानं काय झालं? उलट तब्येत धरलीय गड्यानं!”

“गडी की गडीण ते विचारू नका, कायद्यानं गुन्हा आहे,” मी म्हटलं. “आणि दाजी, त्या फोटोत आठवण कुठं दिसली? लक्ष कुठं दिसलं? राग आला तर आवरायची अक्कल कुठं दिसली?”

“ती काय फोटोत दिसतीय व्हय?”

“तेच तर.”

मैत्रिणीनं त्यांना खुर्ची दिली, सुनेला दुसरी दिली आणि मला स्टूल दिलं. तिला कुणाकडून ऐकून घ्यायची सवय नाही आणि कुणाला घाबरवायचीही. ती शांतपणे बोलते, आणि त्यामुळं तिच्यासमोर भांडायला आलेल्या माणसाची फार पंचाईत होते.

“सुभेदारसाहेब, नाळ म्हणजे तुमच्या कँपचं गेट समजा. तुमाला वाटतंय गेटवर पहारा हाय. पुष्कळ गोष्टींना हायही. पण दारूला पहारेकरी अडवतच न्हाई. ती सरळ आत.”

“थोडीशी असली तर?”

“थोडी असली तर थोडी आत. आन् आत गेल्यावर लवकर भाईर येत न्हाई. बाळ ज्या पाण्यात असतंय, त्या पाण्यात उतरती. बाळ तेच पाणी पितंय, त्यातच मुततंय, परत तेच पितंय.”

दाजींनी चहाचा कप ओठापर्यंत नेला होता. तो त्यांनी परत बशीत ठेवला.

“मग त्यानं हुतंय तरी काय?”

तिनं सांगितलं. काही बाळं वजनानं कमी जन्मतात. काहींच्या हृदयात दोष असतो, काहींचं डोकं लहान राहतं, काहींची नजर किंवा ऐकणं अधू. थोड्या मुलांच्या चेहऱ्यावर खुणा असतात: डोळ्यांच्या फटी आखूड, नाकाखालची खाच सपाट, वरचा ओठ पातळ. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नसतं. मूल दिसायला छान, बोलायला गोड. शाळेत गेलं की कळतं. काल पाठ केलेला पाढा आज कोरा. एका दमात तीन कामं सांगितली तर एकच करतं आणि तेही अर्धं. पैशाचा, वेळेचा हिशेब जमत नाही. एका जागी बसवत नाही, झोप नीट नाही, चिडलं की आवरत नाही. परिणाम काय होईल ते कळत नाही, म्हणून तीच चूक परत करतं.

“आन् घरचे काय म्हणत्यात ठाव हाय? वांड हाय, आळशी हाय, मुद्दाम करतंय. मार खातंय पोर. त्याच्या मेंदूची घडणच तशी झालीय, हे कुणाला दिसत न्हाई. ते जन्मभर राहतंय. पुसून टाकायचं औषध न्हाई. पण लवकर ओळखलं, तर पुष्कळ करता येतंय. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, रोजचं वेळापत्रक तेच ठेवायचं, शिकवायची पद्धत बदलायची, मारायचं अजिबात न्हाई. अशी पोरं चांगली सावरत्यात.”

दाजी हळू म्हणाले, “आमच्या पलटणीत एक पोरगा हुता. रोज शिक्षा खायचा, रोज तीच चूक करायचा. आमी म्हणायचो, हा बेशरम हाय.”

“त्याचं मला हिथं बसून सांगता येणार न्हाई. अशा वागण्याला धा कारणं असत्यात. तपासल्याबिगर कुणावर शिक्का मारायचा न्हाई.”

“तसं न्हवं. मी आपलं म्हटलं.”

मला वाटलं, किल्ला पडला. मी विजयाची पहिली पायरी चढले, तेवढ्यात दाजींनी खालून शिडी काढली.

“पर मग वाईन? ती तर द्राक्षाचा रस. आपल्या भागात समदे म्हणत्यात, वाईन म्हंजे दारू न्हवं.”

“ते बाजारात भाव मिळावा म्हणून म्हणत्यात,” मैत्रीण म्हणाली. “बाळाला लेबल वाचता येत न्हाई. बियर असू दे, वाईन असू दे, ब्रँडी असू दे, आतली दारू एकच.”

“द्राक्षासव?”

“त्यात बी आंबवल्यानं दारू तयार होती. खोकल्याच्या काही औषधांत बी असती. म्हणून गरोदर बाईनं कुठलंच औषध डॉक्टरला इचारल्याबिगर घ्यायचं न्हाई.”

तेव्हा दाजी उठले. टाचा जुळल्या. छाती पुढं आली. आणि झाली ती ऐतिहासिक घोषणा.

“दारू वाईट, मान्य! एकशे एक टक्के मान्य! पर आमच्या घरात दारूचा थेंब न्हाई, कवा नव्हता, कवा असणार न्हाई!”

माझी मैत्रीण माझ्याकडं बघायला लागली. मी छताकडं बघायला लागले. सून फरशीकडं. अशी आमची सांगलीची मोहीम संपली. दारू हरली होती, पण औषधाला कुणी बोटही लावलं नव्हतं. परतताना गाडीत दाजी प्रसन्न होते, कारण त्यांच्या मते त्यांचं आणि डॉक्टरांचं पूर्ण एकमत झालं होतं.

मी वन्संना सांगून बाटली हलवायला लावली असती, पण वन्संचं म्हणणं असं की बाटली हलवली तर दुसरी येते, कार्ड हाय नव्हं. आणि सुनेला मी रोज फोनवर विचारत होते. ती म्हणत होती, अजून तरी मामांनी दिली नाही, पण नुसती शिंकले तरी कपाटाकडं बघतात.

पाचव्या महिन्यात वन्संनी चोरचोळी केली. आमच्याकडं गरोदर सुनेला गुपचूप हिरवी चोळी देतात, बोभाटा न करता, म्हणून ती चोरचोळी. वन्संनी इतक्या गुपचूप केली की गल्लीतल्या सगळ्या बायका होत्या, चुलतसासवा होत्या, साताऱ्याहून मुलीची आई आली होती आणि बाहेर ओसरीवर दाजी आपल्या दोन मित्रांसह खुर्च्या टाकून बसले होते. बायकांनी तिची ओटी भरली, गाणी झाली. थंडी कडाक्याची. आणि कार्यक्रम ऐन रंगात असताना सून शिंकली.

एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

ओसरीवरची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दाजी आत आले. बायका बाजूला झाल्या. कपाट उघडलं, हिंगाची डबी हलली, बाटली बाहेर आली. स्वयंपाकघरातून गरम पाण्याचा पेला आला, आणि पळी आली. मी उठायला लागले, तर वन्संनी माझ्या पदराचं टोक धरून मला खाली बसवलं. त्या माझ्या कानात म्हणाल्या, “तुमी लय बोललात. आता बघू तरी ती काय करती.”

डॉक्टर म्हणून मी कधी एवढी अस्वस्थ बसलेली नाही. प्रश्न नुसता त्या एका पळीचा नव्हता. ती पोर आज गप्प बसली असती, तर पुढच्या प्रत्येक शिंकेला गप्प बसली असती, आणि मी रोज उठून कुंडलला पहारा द्यायला जाऊ शकत नव्हते. त्या पोटातल्या जिवासाठी न्हाई म्हणायला घरात एकच माणूस होतं.

दाजी खाली वाकले. अगदी मायेनं. या माणसाच्या मायेत खोट कधीच नव्हती.

“घे बाळा. शिंकांनी पोटाला हिसका बसतोय. एवढंच घे.”

तिनं पेल्यावर पालथा हात ठेवला.

“अगं, दारू न्हाई ती! तुला काय दारू देईन व्हय मी? आजारी माणसाचं औषध हाय हे.”

आता पुढं काय काय झालं ते मी आधीच सांगून टाकते, कारण शेवटचं वाक्य माझं नाही आणि त्याच्यानंतर मला बोलायला काही उरलंही नाही. त्या दिवसानंतर ती बाटली कपाटातून गेली. कुठं गेली ते दाजींनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली, वजन चांगलं. बाळंतिणीला अंगात ऊब यावी म्हणून एका चुलतसासूनं ब्रँडी सुचवली, तेव्हा ती दुधातूनही बाळाला जाते, हे तिला सुनावणारे स्वतः दाजी होते, आणि त्यांनी ते असं सुनावलं की जणू शोध त्यांचाच. मुलगी आता दोन वर्षांची आहे. तिच्या आईनं माझ्या मैत्रिणीला ब्रँडीच्या त्या आठवड्यांचं काहीही न लपवता सांगितलंय, म्हणून सांगलीला ठरल्या वेळी नेऊन तिची वाढ, चालणं, बोलणं बघून घेतात. आतापर्यंत सगळं वेळेवर. ‘आतापर्यंत’ हा शब्द माझ्या मैत्रिणीचा आहे. मुलगी शाळेत जाईपर्यंत ती तो सोडणार नाही, आणि बरोबरच आहे. आणि माझ्या दवाखान्यात आता मी ‘दारू पिता का’ एवढं विचारून थांबत नाही. ‘सर्दी झाली की घरात काय देतात’ हेही विचारते. काय एकेक उत्तरं येतात म्हणून सांगू!

तर, चोरचोळी. हिरवी चोळी मांडीवर, पेल्यावर हात, समोर पळी घेऊन वाकलेले सुभेदार, भोवती गल्लीतल्या बायका आणि दारात दाजींचे ते दोन मित्र, जे रोज संध्याकाळी त्याच ओसरीवर त्यांच्यासोबत बसायचे. आणि ती फ्रीजच्या आवाजात बोलणारी पोर, जिनं सासऱ्यासमोर कधी मान वर केली नव्हती, तिनं मान वर केली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडातून निघून गेलं:

“आवं मामा, मग तुमी रोज सांजच्याला दोन-दोन गिलास घेताय, तुमाला झालंय तरी काय?”